टायमर कोणी कशासाठी कामावर ठेवलाय?

प्रश्न: आमची सहा जणांची कंपनी आहे. डिझायनर, अनुवादक, प्रोग्रामर अशा स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांसाठी आम्ही वेळेची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. टायमर लावायचा, महिनाअखेरीस तासांचा अहवाल काढायचा. लोकांना विचारून विचारून दोन वर्षांत चौदा नवी फीचर्स दिली, तरी सोडून जाणारे जातातच. मग ‘जॉब्स टू बी डन’बद्दल, म्हणजे लोक वस्तू विकत घेतात ती एखादं काम करून घ्यायला ‘कामावर ठेवतात’ या विचाराबद्दल वाचलं, त्यातलं मिल्कशेकचं उदाहरण वाचलं, आणि एक दुपार बसून फळ्यावर ‘जॉब्स’ लिहिले : वेळ वाचवणे, उत्पादकता वाढवणे, कामावर नियंत्रण मिळवणे. फळा भरला, पण त्यातून नवीन काय विकायचं ते सुचेना. कुठे चुकतंय?

उत्तर: फळा पुसून टाका. त्या तीन ओळी खोट्या नाहीत, पण कॅलेंडर, मदतनीस, नवा लॅपटॉप किंवा व्यवस्थापनाचा एखादा कोर्स यांपैकी कशाखालीही त्या खपून जातील. लोक ज्या कामासाठी एखादी वस्तू ‘ठेवतात’ ते काम प्रसंगावरून ओळखू येतं. त्यामुळे फळ्यावरच्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारायचे : ही गरज नेमकी केव्हा उभी राहते? आणि तुमची वस्तू घेण्याआधी माणूस त्या वेळी काय करून निभावत होता? ‘वेळ वाचवणे’ला दोन्हींची उत्तरं नाहीत. उलट टोकाला ‘टायमर सुरू करणे’ लिहिलंत तर तेही काम नव्हे, ती कामातली एक पायरी झाली. आपल्याला हवं ते या दोन टोकांच्या मध्ये असतं, आणि बंद खोलीत बसून ते सापडत नाही.

मिल्कशेकचा अभ्यास सांगताना त्यातली पद्धत बहुतेक वेळा गळून जाते. हार्वर्डचे दिवंगत प्राध्यापक क्लेटन ख्रिस्टेन्सन यांच्यामुळे तो गाजला. प्रत्यक्ष काम बॉब मोएस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अमेरिकन फास्ट फूड साखळीसाठी केलं होतं. त्यांनी आधी दिवसभर दुकानात उभं राहून नुसत्या नोंदी घेतल्या : किती वाजता, एकटा की सोबत कोणी, आणखी काय घेतलं, तिथंच बसला की गाडीत घेऊन गेला. मिल्कशेकचा मोठा हिस्सा सकाळी लवकर, एकट्यानं गाडी चालवत कामाला निघालेले लोक नेत होते. मग त्यांना विचारलं गेलं, की अशाच सकाळी मिल्कशेक घेतला नाहीत तेव्हा त्याऐवजी काय घेतलंत? त्यातून खरे प्रतिस्पर्धी बाहेर आले : केळं, डोनट, चॉकलेट. लांबच्या कंटाळवाण्या प्रवासाला तो दाट आणि सावकाश संपणारा हवा होता. तोच मिल्कशेक नंतरच्या वेळी मुलांसाठी घेणाऱ्या पालकांना मात्र लवकर संपायला हवा होता. या दोघांची मतं एकत्र करून ‘दाट हवा की पातळ’ याची सरासरी काढली तर ती दोघांनाही नको असते. तुमची चौदा फीचर्स बहुधा अशाच सरासरीतून आलेली आहेत.

तेव्हा आता सर्वेक्षण थांबवा आणि मुलाखती सुरू करा. मुलाखतीला कोणाला बोलवायचं, यावर अर्धं यश अवलंबून आहे. मोफत चाचणी वापरून बघणारे नकोत, कारण त्यांनी अजून काहीच सोडलेलं नाही. तीन वर्षांपासूनचे निष्ठावंतही नकोत. त्यांना घेतानाचं काही आठवत नाही आणि ते तुमच्याशी गोड बोलतात. हवेत ते गेल्या दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या खिशातून पहिल्यांदा पैसे भरलेले पाच-सहा जण आणि त्याच काळात बंद केलेले पाच-सहा जण. दहा-बारा संभाषणांत त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकू येऊ लागतात. तसं झालं नाही, तर वेगवेगळ्या कामांसाठी आलेले लोक तुम्ही एकाच टोपलीत घातलेत असं समजा आणि आणखी बोलावा. बोलावताना ‘आमच्या सॉफ्टवेअरबद्दल तुमचं मत हवंय’ असं लिहू नका. तसं लिहिलंत की माणूस सूचनांची यादी घेऊन येतो. ‘तुम्ही हे घ्यायचं (किंवा बंद करायचं) कसं ठरवलंत, ती हकिकत ऐकायची आहे; पाऊण तास लागेल’ एवढं पुरे. तुमच्यातले दोघं बसा : एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. सॉफ्टवेअर विकणारा माणूस त्यात नसावा, त्याला समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही.

घोळ होऊ नये म्हणून इथून पुढे तुमच्याकडून सॉफ्टवेअर घेणाऱ्याला ग्राहक म्हणू आणि तो ज्याच्यासाठी काम करतो त्याला क्लायंट.

मुलाखत पैसे भरल्याच्या क्षणापासून सुरू करायची आणि मागं मागं जायचं. वार कोणता, कुठे बसला होतात, फोनवर की संगणकावर, शेजारी कोण होतं. हे तपशील निरर्थक वाटतात; पण त्यांनी स्मृती जागी होते आणि माणूस मत देण्याऐवजी घटना सांगू लागतो. तिथून ‘याचा विचार पहिल्यांदा केव्हा आला’ इथपर्यंत मागं जायचं आणि मग पुन्हा पुढे यायचं. वाटेत साधारण तेच टप्पे लागतात : पहिला विचार; नुसतं लक्ष जाऊ लागणं; काहीतरी घडून खरा शोध सुरू होणं; आणखी काहीतरी घडून निर्णयाची घाई होणं; खरेदी; पहिला वापर. दोन टप्प्यांच्या मध्ये जे घडतं तिथं सोनं असतं. ‘का’ कमी विचारा, कारण ‘का’ला लोक शोभेलसं उत्तर देतात. ‘त्याच दिवशी कसं काय?’ आणि ‘त्याआधी काय करत होतात?’ हे दोन प्रश्न जास्त कामाचे. तुमच्या बाबतीत संभाषण काहीसं असं जाईल :

— पैसे भरले तो दिवस आठवतो?

— मंगळवार असावा. रात्री. बिल पाठवायचं होतं.

— बिलं तर तुम्ही दर महिन्याला पाठवता. या वेळी वेगळं काय होतं?

— मागच्या महिन्यात क्लायंटनं विचारलं होतं, बत्तीस तास कसे काय झाले? मी अंदाजानं लिहिले होते. धड सांगता येईना.

— मग काय केलंत?

— चार तास कमी करून टाकले.

— आणि?

— विषय संपला. पण डोक्यात राहिलं.

इथं थांबून वहीत एक ओळ अधोरेखित करायची : ‘चार तास कमी करून टाकले.’ या ग्राहकानं तुम्हाला ठेवण्याआधी जे ठेवलं होतं, ते हेच. बाजारातले इतर टायमर तुमचे प्रतिस्पर्धी आहेत असं तुम्ही धरून चाललात; इथं प्रतिस्पर्धी आहे गुपचूप दिलेली सूट. ती फुकट नाही, पण तिच्यासाठी काही शिकावं लागत नाही आणि वादही होत नाही.

‘सोपं’, ‘सोयीचं’, ‘व्यवस्थित’ हे शब्द कोणी वापरले की पुढे जाऊ नका. ‘सोपं म्हणजे काय झालं असतं?’ असं विचारा. एकाच्या ‘सोपं’चा अर्थ कमी बटणं असतो, दुसऱ्याच्या ‘सोपं’चा अर्थ क्लायंटला तोंड द्यावं न लागणं. हे न विचारल्यामुळेच फीचर्सच्या याद्या वाढतात.

मुलाखत झाली की आठवणी ताज्या असताना, त्याच दिवशी, चार रकाने भरा. सध्याच्या परिस्थितीत काय टोचत होतं. नव्या गोष्टीत काय ओढत होतं. नव्या गोष्टीची भीती काय होती. आणि जुन्या सवयीत काय धरून ठेवत होतं. पहिले दोन माणसाला पुढे ढकलतात, उरलेले दोन मागं खेचतात. मागं खेचणारी बाजू जड असेल तर माणूस जागचा हलत नाही. बहुतेक कंपन्या सगळी मेहनत दुसऱ्या रकान्यावर घालतात : आणखी फीचर, आणखी ओढ. नवीन विकण्याजोगं मात्र वारंवार तिसऱ्या-चौथ्या रकान्यात सापडतं. मोएस्टा यांचंच आणखी एक काम या बाबतीत बोलकं आहे. डेट्रॉइट भागात मोठं घर सोडून लहान घरात येऊ पाहणाऱ्यांसाठी फ्लॅट बांधले होते. लोक बघायला येत, आवडले म्हणत आणि घेत नसत. अडत होतं ते आयुष्यभराच्या सामानाचं काय करायचं यावर, विशेषतः जेवणाच्या मोठ्या टेबलावर. मग सामान हलवण्याची सेवा, दोन वर्षं ते ठेवायला जागा आणि निवांत बसून वर्गवारी करायला एक खोली, हे सगळं घराच्या किमतीत धरून दिलं. स्वयंपाकघराचा ओटा आणखी गुळगुळीत करून जे झालं नसतं ते त्यानं झालं.

आता तुमचे रकाने भरून पाहू. समजा, पैसे भरणाऱ्यांपैकी चौघांच्या हकिकती वरच्या संभाषणासारख्या निघाल्या. टोचणी : बिलावरचा प्रश्न आणि कमी केलेले तास. ओढ : हातात काहीतरी पुरावा असेल. भीती : इतका बारीक अहवाल पाठवला तर क्लायंट ओळीगणिक घासाघीस करेल, ‘फोनवरची दहा मिनिटंही लावलीत का?’ सवय : टायमर लावायला विसरणं आणि महिनाअखेरीस आठवून भरणं. हे समोर ठेवल्यावर एक गोष्ट दिसते. मिनिटवार तपशील, रंगीत तक्ते, अहवालाचे नवे नमुने अशी जी फीचर्स तुम्ही दिलीत, ती ओढ थोडी वाढवतात आणि भीती खूप वाढवतात. टायमर विसरला की नोंदीत भोकं पडतात, मग अहवाल खऱ्या कामापेक्षा कमी तास दाखवतो आणि माणूस पुन्हा अंदाजावर येतो. तिथून तो वर्गणी बंद करतो. तो ‘वापरायला वेळ मिळत नाही’ असं कारण लिहील. ते खरं धरून तुम्ही आणखी एक शॉर्टकट द्याल.

याचं काम असं लिहिता येईल : ‘महिन्याचं बिल हातात पडण्याआधीच क्लायंटला कामाचा अंदाज यावा, म्हणजे त्यानं प्रश्न काढू नये आणि मला मान खाली घालून तास कमी करावे लागू नयेत.’ यात ‘मान खाली घालून’ हे अलंकारासाठी नाही. प्रत्येक कामाला व्यवहाराची बाजू असते तशी स्वतःला कसं वाटतं आणि समोरच्याला कसं दिसतं याचीही असते. इथं तर तीच वरचढ आहे, कारण चार तासांच्या पैशांपेक्षा माणसाला तो संवाद जास्त लागला.

अशी ओळ लिहिली की नवं काय विकायचं ते दिसू लागतं, कारण आता अटी ठरल्या. बिलाच्या आधी पोचायला हवं. क्लायंटच्या भाषेत हवं, मिनिटांच्या नव्हे. टायमर विसरला तरी चालायला हवं. माणसानं स्वतः मागं लागून पाठवावं लागू नये. यातून जे निघतं ते म्हणजे दर शुक्रवारी क्लायंटला आपोआप जाणारी चार ओळींची चिठ्ठी : या आठवड्यात काय झालं, ठरलेल्या तासांपैकी साधारण किती लागले, पुढच्या आठवड्यात काय, आणि काही ठरवायचं असल्यास ते. मिनिटांची नोंद आतच राहते. नोंदीत भोक असेल तर शुक्रवारी दुपारी ग्राहकाला एकच प्रश्न जातो. महिन्यानंतर आठवण्यापेक्षा तीन दिवसांपूर्वीचं आठवणं सोपं. ही चिठ्ठी तुमच्या टायमरशिवायही विकता येईल, आणि ते आधी करून पाहावं असं माझं मत आहे. टायमर नको असलेले खूप लोक बाहेर आहेत.

सोडून गेलेल्यांमध्ये वेगळाच घोळका दिसण्याची शक्यता आहे. समजा, तिघं म्हणाले की आता ते तासावर काम घेतच नाहीत, ठरीव रकमेवर घेतात. तुम्ही त्यांना ‘गेलेले’ म्हणून सोडून द्याल. पण विचारून पाहा, की शेवटची रक्कम सांगताना काय झालं? बहुधा ऐकाल : ‘मागचं असंच काम किती दिवस चाललं होतं ते शोधत बसलो, सापडलं नाही, छातीठोक एक आकडा सांगितला आणि नंतर कळलं कमी सांगितला.’ हे दुसरं काम आहे. पहिल्याला तास दुसऱ्याला दाखवायचे आहेत. याला ते स्वतःलाच बघायचे आहेत आणि क्लायंटला अजिबात दिसू द्यायचे नाहीत. एकाला चांगली गोष्ट दुसऱ्याला नकोशी वाटली की कामं दोन आहेत असं समजावं. वय, व्यवसाय किंवा कमाई यांवरून केलेले गट इथं उपयोगी पडत नाहीत. ही गरज महिन्यातून एखादवेळी उभी राहते, म्हणून मासिक वर्गणी त्यांना बोचते. त्यांच्यासाठी निराळी वस्तू : नव्या कामाचं वर्णन दिलं की जुन्या नोंदींतून त्यासारखी तीन कामं, सांगितलेले तास आणि खरे लागलेले तास शेजारी शेजारी. पैसे प्रत्येक अंदाजामागे. त्यांच्या जुन्या नोंदी तुमच्याकडेच आहेत, त्यामुळे ही गोष्ट नव्या प्रतिस्पर्ध्याला सहज जमणार नाही. त्या वापरण्याआधी त्यांची परवानगी मात्र घ्या.

तिसरा घोळका निघेल तो क्लायंटनं सक्ती केली म्हणून नोंद ठेवणाऱ्यांचा. त्यांच्यावर वेळ घालवू नका. निर्णय त्यांचा नव्हता, त्यामुळे त्यांच्या हकिकतीत टोचणी आणि ओढ दोन्ही पोकळ निघतात. तो बाजार हवा असेल तर मुलाखत सक्ती करणाऱ्याची घ्यायला हवी. ही या पद्धतीची मर्यादाच आहे : जिथं माणूस निवड करत नाही, किंवा विचार न करता सवयीनं पुन्हा पुन्हा तेच घेतो, तिथं तिच्यातून फारसं काही मिळत नाही. आणि जिथं घ्यायला अजून काहीच नाही, तिथं खरेदी शोधण्याऐवजी जुगाड शोधायचा. ज्यानं आपल्यापुरता एक्सेलचा तक्ता आणि फोनवर तीन रिमाइंडर लावून काम भागवलंय त्याच्याकडे जा.

कोडिंगला हात लावण्याआधी शुक्रवारची चिठ्ठी हातानं करून पाहा. आठ ग्राहक घ्या, चार आठवडे त्यांच्या नोंदी बघून तुमच्यातल्या एकानं चिठ्ठ्या लिहायच्या, ग्राहकानं वाचून पाठवायच्या. पहिल्याच दिवसापासून थोडे का होईना पैसे घ्या, नाहीतर चार आठवडे नुसतं कौतुक ऐकाल. महिन्यानंतर ‘आवडलं का’ विचारू नका. दोनच गोष्टी तपासा : या महिन्याच्या बिलात तास कमी केले का, आणि एखाद्या शुक्रवारी चिठ्ठी गेली नाही तेव्हा कोणी स्वतःहून विचारलं का. जुनी सूट देणं थांबलं नसेल तर तुम्ही कामावर लागलेला नाहीत, नुसते शेजारी येऊन बसलात. अशा वेळी चिठ्ठीचं रूप सुधारण्याआधी चार रकान्यांकडे परत जा. भीतीचा रकाना बहुधा अर्धवट भरलेला निघेल, उदाहरणार्थ ‘रिकाम्या आठवड्यात काय लिहायचं?’ हा प्रश्न कोणी मोठ्यानं बोललेला नसतो.

मुलाखतींवरून हे काम किती जणांचं आहे ते मात्र कळत नाही. बारापैकी चौघं म्हणजे बाजाराचा तिसरा हिस्सा, असा हिशेब करू नका; ते बारा जण तुम्ही निवडलेले आहेत. मोजायचं असेल तर आता सर्वेक्षण करा, कारण आता काय विचारायचं ते ठाऊक आहे. मत विचारण्याऐवजी घडलेलं विचारा : ‘गेल्या तीन महिन्यांत बिल पाठवण्याआधी तुम्ही स्वतःहून किती वेळा तास कमी केलेत?’ दोन कामांत आधी कोणतं हाती घ्यायचं याला याच विचारावर काम करणारे सल्लागार टोनी उलविक यांचा एक साधा हिशेब उपयोगी पडतो. दोन्ही कामांच्या एकेका अटीसाठी लोकांना एक ते दहामध्ये दोन आकडे मागायचे, ती किती महत्त्वाची आहे आणि आज ती कितपत भागते. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करायचा आणि तो फरक पहिल्या आकड्यात मिळवायचा. फरक उणे आला तर शून्य धरायचा. महत्त्व ९ आणि आज भागतं ३, तर १५. महत्त्व ९ आणि आज भागतं ८, तर १०. ‘अहवाल सुबक दिसणे’ सारख्या अटी दुसऱ्या प्रकारात पडतात, आणि तुमच्या चौदापैकी बऱ्याच फीचर्सनी अशाच अटी आणखी भागवल्या असाव्यात. हे आकडे दोन्ही घोळक्यांचे वेगवेगळे काढा, एकत्र काढलेत तर पुन्हा सरासरी.